मार्फत युनिट प्रमुख

सतरा वर्षं मी वणीच्या रस्त्यावरच्या, कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात होते. सुरुवात कापसाचा ओलावा तपासण्यापासून झाली आणि शेवटी गुणवत्ता विभागाची व्यवस्थापक झाले. त्यात पुन्हा आमचे युनिट प्रमुख बदली होऊन गुजरातेत गेले, तेव्हा नागपूरच्या मुख्य कार्यालयाने नवीन माणूस येईपर्यंत त्यांचा पदभार माझ्याकडे दिला. नवीन माणूस आठ महिने आला नाही.

नोकरीत तसा काही त्रास नव्हता. पण गेली तीन-चार वर्षं आजूबाजूचे लहान जिनिंगवाले मला सुटीच्या दिवशी फोन करायचे. रुईत कचरा जास्त का येतो, रोलरचं अंतर किती ठेवायचं, सरकी का फुटते, असं विचारायचे. मी कंपनीची माणूस असल्यामुळे अर्धंच उत्तर द्यायचे आणि फोन ठेवल्यावर मला उरलेलं अर्धं डाचत राहायचं. हेच काम आपण उघडपणे, स्वतःच्या नावाने करावं, असं शेवटी ठरलं. वकिलालाही विचारून घेतलं. तो म्हणाला, "नोकरी सोडल्यावर काम करायले कोणी अडवू शकत नाही. फक्त कंपनीचे कागद, गिऱ्हाइकाच्या याद्या सोबत नेऊ नका."

राजीनामा मी चार ओळींचा लिहिला. व्यवस्थापक पदाचा राजीनामा देत आहे, स्वतंत्र सल्लागार म्हणून काम सुरू करायचं आहे, नेमणूकपत्राप्रमाणे आजपासून नव्वद दिवसांची मुदत धरावी, पदभार सोपवताना पूर्ण सहकार्य करीन. खाली आभार. माझे यजमान हायस्कुलात मराठी शिकवतात. त्यांनी तो दोनदा वाचला.

"असा रायते काय राजीनामा?" ते म्हणाले. "सुटीचा अर्ज बी याहून मोठा रायते. भावना कुठी हायेत?"

"भावना ऑफिसात चालत नाहीत."

"मंग निदान 'जड अंतःकरणाने' तरी घाल."

अंतःकरण जड नव्हतं, म्हणून घातलं नाही.

दुसऱ्या दिवशी पत्र आमच्या कार्मिक अधिकाऱ्यांना दिलं. हे गृहस्थ पन्नाशीचे, फुलसावंगीकडचे, आणि नियमाला असे पक्के की स्वतःच्या मुलीच्या लग्नाची पत्रिकाही त्यांनी आवक नोंदवहीत चढवून मग वाटली होती. त्यांनी पत्रावर शिक्का मारला, क्रमांक टाकला आणि म्हणाले, "मॅडम, हे नागपूरले आहे, पण 'मार्फत युनिट प्रमुख' लिवलं नाही. वरून वापस येईन."

मी पेनने ते लिहिलं आणि माझ्या खोलीत जाऊन बसले. दहा मिनिटांनी तेच गृहस्थ तेच पत्र लाल फोल्डरमध्ये घालून दारात उभे राहिले.

"आत येऊ काय मॅडम? एक राजीनामा आला आहे."

"मला माहीत आहे. मीच दिला."

"हो, पण तो व्यवस्थापकाच्या टेबलावरून दिला. आता युनिट प्रमुखाच्या टेबलावर आला. शेरा पाहिजे."

टेबल एकच होतं. हे मी बोलले नाही, कारण ते त्यांनाही दिसत होतं.

मी 'शिफारस' असं लिहून सही केली आणि पत्र नागपूरला गेलं. आठवड्याने परत आलं. ज्येष्ठ कर्मचारी राजीनामा देत असेल तर युनिट प्रमुखाने त्याच्याशी समक्ष बोलून त्याचं मन वळवण्याचा प्रयत्न करावा आणि चर्चेचा वृत्तांत जोडावा, असा नियम होता. सोबत छापील नमुना होता.

कार्मिक अधिकाऱ्यांनी चर्चेला दुपारी तीनची वेळ लावली. मी म्हटलं, आपण असंच भरून टाकू. त्यांना ते पटलं नाही. "न झालेल्या चर्चेचा वृत्तांत मी कसा लिवू?" ते कागद घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. शिपाईबाईंनी सवयीने प्रमुखासाठी एक आणि पाहुण्यासाठी एक असे दोन कप चहा माझ्यापुढे ठेवले.

नमुन्यातला पहिला प्रश्न होता, कर्मचाऱ्याची काही नाराजी आहे का. मी नाही म्हटलं. दुसरा, जबाबदारी बदलून दिल्यास थांबण्याची तयारी आहे का. नाही. तिसरा, पुढील कामातील जोखमीची कर्मचाऱ्यास कल्पना आहे का.

तिथे मी अडकले. हा प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता. यजमानांनी भाषा तपासली, वकिलाने कलम तपासलं. हंगाम संपल्यावर सहा महिने कोणती जिनिंग मला बोलावणार, एकाने नकार दिला की त्याचं पाहून शेजारचे चार नकार देतील का, हे मी मनातच ठेवलं होतं. कार्मिक अधिकारी पेन धरून थांबले होते.

"भीती वाटते," मी म्हटलं.

"हे कर्मचारी बोलला की युनिट प्रमुख?"

"दोघंही."

त्यांनी तसंच लिहिलं. मग मी दोन्ही चहा प्यायले आणि शेरा लिहिला, 'कर्मचारी समजावूनही निर्णयावर ठाम आहे.'

यावर नागपूरहून जे आलं ते मला अपेक्षित नव्हतं. सतरा वर्षांची अनुभवी व्यवस्थापक कंपनी सोडून जात असताना युनिट प्रमुखाने तिला थांबवण्यासाठी पुरेसे प्रयत्न का केले नाहीत, याचा खुलासा सात दिवसांत मागितला होता. खुलासा मलाच द्यायचा होता. मी दिला. माझ्या बाजूने कसूर झाली असल्यास खेद आहे, असंही लिहिलं, कारण कार्मिक अधिकारी म्हणाले की त्याशिवाय खुलासा पुरा होत नाही.

मग नव्याने रुजू झालेल्या संचालकांचा फोन आला. "तुमच्याकडच्या त्या गुणवत्तेच्या मॅडमना काहीही करून थांबवा. तुमचं त्या ऐकतील."

"सर, त्या मॅडम म्हणजे मीच आहे."

"मग तर सोपंच आहे," ते म्हणाले.

नव्वद दिवस भरत आले तरी स्वीकृतीचं पत्र नव्हतं. ते मुदत संपायच्या आदल्या दिवशी आलं. पण कार्यमुक्तीच्या आदेशावर सही युनिट प्रमुखाचीच लागत होती, आणि इथे मी साफ नकार दिला. स्वतःला कामावरून मोकळं करायला माझा हात धजेना. शेवटी नागपूरने मेल करून कार्मिक अधिकाऱ्यांना एका दिवसासाठी युनिट प्रमुख केलं.

त्या दिवशी ते कोट घालून आले. मे महिना होता. मी चाव्या, मोजमापाची उपकरणं, लॅपटॉप, फायली यांची यादी घेऊन गेले तर शिपाईबाई म्हणाल्या, "साहेब कामात हायेत, बसा जरासक." मी माझ्याच खोलीबाहेर पंधरा मिनिटं बसले.

आत बोलावल्यावर त्यांनी यादीतली एकेक वस्तू मोजली आणि सही केली. मग माझा मूळ राजीनामा काढून सावकाश वाचला. तीन महिने तो त्यांच्या हातून फिरत होता, पण वाचला बहुधा तेव्हाच.

"मॅडम, तुमी खरंच चालल्या काय?" ते म्हणाले.

"हो."

"मले वाटलं होतं, हा कागद कुठीतरी अडकन."

त्यांनी कोट काढून खुर्चीला अडकवला आणि मला फाटकापर्यंत सोडायला आले. रिकाम्या वखारींपुढून चालताना माझे डोळे भरून आले होते, आणि ते मुद्दाम दुसरीकडे पाहत होते.

पहिलं काम पावसाळ्यात, ढाणकीजवळच्या एका जिनिंगचं मिळालं. हंगामाआधी मशिनी तपासून द्यायच्या होत्या. मालक वयस्कर होते. त्यांनी माझं पत्रक वाचलं, मागची बाजू पाहिली.

"तुमचे साहेब कोन?"

"कोणी नाही. मी एकटीच."

"मंग तक्रार करायची असन त कोनापाशी करू?"

"माझ्यापाशीच करा."

त्यांनी विचार केला आणि मग तिथल्या तिथे केली. मी वीस मिनिटं उशिरा आले होते. मी वही उघडून ते लिहून घेतलं, आणि आम्ही मशिनीकडे गेलो.