पन पाह्यलं कोनं?

“पन पाह्यलं कोनं?”

हा तिचा प्रश्न. मान जराशी डावीकडे कलायची, कानामागचा पेन हातात यायचा आणि समोर कोणी का असेना, प्रश्न सुटायचा. चहावाला म्हणाला, आज दूध नासलं, तर “पाह्यलं कोनं?” मी म्हणालो, माझं बीपी वाढलंय, तर “मोजलं कोनं, काका?” एकदा वैतागून मी म्हणालो, “पोरी, तुझ्या निकाहात काझीसाहेबांनाही तू हेच विचारशील.” ती शांतपणे म्हणाली, “विचारीनच. साक्षीदार कायले असतेत मंग?”

आता सांगा, अशा पोरीशी कोण वाद घालणार?

मी अमरावतीच्या एका दैनिकात पानं लावतो. बातम्या दुसरे लिहितात, मी त्या कॉम्प्युटरवर पानात बसवतो आणि पान अकोल्याच्या छापखान्याकडे सोडतो. ती मोर्शीची. तिचे अब्बा संत्र्यासाठी लाकडी पेट्या ठोकायचे. रात्रीच्या डेस्कवर ती बातमीदार म्हणून लागली तेव्हा उमेदवारीवर होती. कायम करायचं की घरी पाठवायचं, ते ठरायचं होतं. घरून रोज फोन यायचा. ती हिंदीत अम्मीला समजवायची, फोन ठेवायची आणि माझ्याशी वऱ्हाडीत भांडायला मोकळी व्हायची.

रात्रीचं ऑफिस तुम्ही पाहिलं नसेल. दिवसा तिथं माणसं असतात, रात्री नुसते आवाज उरतात. पंखा फिरतो, वायरलेससारखा कुठं तरी फोन खरखरतो, खिडकीबाहेर रस्त्यावरचा दिवा धुक्यात पिवळा पिवळा पाझरत असतो. मोर्शीचा अपघात, दर्यापूरचा कापूस, कुणाचं लग्न, कुणाचं मरण, सगळं पडद्यावर सारख्याच अक्षरांत येतं. झोपेत आहोत की जागे, ते मलाच कित्येकदा कळायचं नाही.

निधन वार्ता तिच्याकडे होत्या. दुसरं कोणी ते काम मागून घेत नाही. ती मात्र प्रत्येक बातमीवर फोन लावायची आणि न चुकता विचारायची, “माती केव्हा हाये?” आमच्याकडे अंत्यविधीला माती म्हणतात. गावोगावचे सोयरे त्या वेळेच्या हिशेबानं घरून निघतात. त्यामुळे गेलेल्याच्या नावाइतकंच ती वेळ छापून येणं गरजेचं असतं.

त्या हिवाळ्यात एका रात्री दर्यापूरकडच्या एका वस्तादांचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन पडला. फेटा, पांढऱ्या मिशा, खाली जळती समई आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. वस्ताद म्हणजे साधा माणूस नव्हे. अमरावती आणि अकोला, दोन्ही जिल्ह्यांत त्यांच्या हाताखाली लंगोट लावलेली पोरं होती. कोणी फौजदार झालेला, कोणी फळांचा व्यापारी, कोणी कुराण मुखोद्गत असलेला हाफिजजी. बातमी पहिल्या पानाची होती, यात शंका नाही.

मी जागा काढली. मथळाही बसवून टाकला: ‘कुस्तीचा आधारवड कोसळला’. फोटो काळ्या चौकटीत घेतला. मला वाटलं, छान दिसतंय.

“पन पाह्यलं कोनं?” माझ्या खांद्यामागून आवाज आला.

“अगं, सारं गाव रडून राहिलं!”

“गाव नाई, काका. ग्रुप.”

तेवढ्यात दर्यापूरच्या वार्ताहराचा फोन आला. बातमी पक्की आहे, मी स्वतः बोललो, असं त्याचं म्हणणं. तिनं विचारलं, कोणाशी बोलले? वस्तादांच्या भाच्याशी, अकोल्यात. तिनं भाच्याला फोन लावला. भाचा हुंदके देत होता. त्याला कोणी सांगितलं? आईनं, म्हणजे वस्तादांच्या बहिणीनं. बहिणीला? गावाकडून सुनेचा फोन आला होता, “मामाजी गेले”, म्हणजे सासरे गेले, एवढंच बोलली. फोटो ग्रुपवर टाकला तोही भाच्यानंच.

तिनं फोन स्पीकरवर ठेवला होता. मागे बाया रडत होत्या. ते रडणं खोटं नव्हतं हो! कुणाच्या घरात शिरून उभं राहावं, तसं मला झालं.

“आता तरी पटलं?” मी विचारलं. “वार्ताहर झाला, भाचा झाला, बहीण झाली. किती सूत्रं पाहिजेत तुला?”

“तीन कुठी हायेत? विहीर एकच हाये, बादल्या तीन हायेत,” ती म्हणाली आणि पुन्हा फोनकडे वळली. “भाऊ, माती केव्हा हाये?”

भाचा थबकला. “ते... नाई सांगतलं. धुकं लय हाये, आमी पहाटंच निघतो.”

“तुमच्या आईनं विचारलं नाई?”

“विचारलं. पन वहिनीनं फोन ठेवून देल्ला.”

तिनं पेन खाली ठेवला. वऱ्हाडात मरणाची खबर येते आणि मातीची वेळ येत नाही, हे कधी होतं का, तुम्हीच सांगा. तिनं सुनेला फोन लावला, बंद. वस्तादांच्या मुलाला लावला, बंद. तिकडं लाइन, म्हणजे वीज, गेली होती, टॉवरही बसला असावा. ग्रामीण रुग्णालयात विचारलं, त्या नावाचं कोणी आलेलं नव्हतं. पोलीस ठाण्यातला माणूस म्हणाला, म्हातारा माणूस घरात गेला तर आमच्याकडे कशाला नोंद होईल? तेही खरंच होतं. गावच्या पोलीस पाटलांचा नंबर मिळाला. तोही लागेना. वार्ताहराला म्हटलं, गावात जाऊन ये, तर तो म्हणाला, धुक्यात रस्ताच दिसत नाही.

मग आमच्या शहरातल्या एका बातम्यांच्या पोर्टलनं बातमी झळकवली. अकोल्याच्या छापखान्यातून फोन आला: डाक आवृत्तीचं पान सोडा. दूरच्या तालुक्यांचे अंक आधी छापतात, शेंदूरजनाघाटला जाणारी गाडी कोणासाठी थांबत नाही. त्या आवृत्तीत चुकलं की चुकलं. शहराच्या अंकाला थोडा अवकाश असतो, तिथं पान बदलता येतं.

संपादकांना उठवलं. ते म्हणाले, “‘निधन झाल्याचे समजते’ असं टाका ना.”

“सर, मेल्याचं समजते असं कसं लिहू? माणूस एक तर गेला, नाई तर नाई गेला.”

“मग वेबसाइटवर तरी टाक. नंतर काढून घेऊ.”

“आपन काढू, सर. लोकाईच्या मोबाईलमधून कोन काढन?”

सर म्हणाले, “डेस्कवर तू आहेस. ठरव. पण उद्या सगळ्यांच्या अंकात असली आणि आपल्याच नसली, तर उत्तर तुलाच द्यावं लागेल. तुझी कायम होण्याची फाइल माझ्याच टेबलावर आहे, लक्षात ठेव.”

असं उघड बोलायला नको होतं त्यांनी. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. धुकं अगदी काचेला टेकलं होतं. मला तिचा चेहरा काचेत दिसत होता आणि त्याच्या शेजारी, पडद्यावरून उमटलेले, चौकटीतले वस्ताद. दोघं एकमेकांकडे बघत उभे आहेत असं वाटत होतं. मला तिची फार दया आली. म्हटलं, जाऊ दे ना पोरी, घे टाकून, जग टाकतंय.

“काका,” ती न वळता म्हणाली, “तो माणूस जित्ता असन, तर सकाळी पेपर कोन नेऊन देईन त्याच्या हातात?”

मग ती काचेपासून वळली.

“काढा ते. शेंदूरजनाघाटची संत्र्याची बातमी घ्या तिथी.”

मी वस्तादांना पानावरून उचललं आणि संत्री बसवली. पान गेलं.

नंतरचा वेळ कसा गेला, ते विचारू नका. तिनं चहा घेतला नाही. दर थोड्या वेळानं पोलीस पाटलांचा नंबर लावायची, आणि फोनमधली ती बाई तेच सांगायची, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. मी डोळे मिटले की मला आखाडा दिसायचा, तांबड्या मातीत बसलेला एक म्हातारा, आणि तो आहे की नाही हे कोणालाच माहीत नाही.

शहराच्या अंकाचं पान सोडायची वेळ झाली आणि एकदम रिंग गेली. लाइन आली होती. झोपेतले पाटील “काय? वस्ताद? दुपारी तर पाराजवळ बसेल होते!” असं म्हणत फोन कानाला तसाच धरून बॅटरी घेऊन निघाले. आम्ही दोघं ऐकत होतो. चपला वाजल्या. कुत्रं भुंकलं. कडी वाजली. बायकांची कुजबुज झाली. आणि मग खोल आतून, खाटेवरून, एक खरखरीत आवाज आला:

“कोन मेलं बे एवढ्या रातचं?”

ती खुर्चीत बसली. हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मीही रडलो, लाज कसली?

झालं होतं असं. दिवस बुडताना अंगणात वस्तादांच्या डोक्यावर कावळा बसला. आमच्याकडे तो मोठा अपशकुन. त्यावर जुना उतारा असा की, त्या माणसाच्या मरणाची खोटी खबर सोयऱ्यांकडे धाडायची. ते खरोखर रडले की मरण फसतं आणि माघारी जातं. मग लगेच दुसरा निरोप: जित्ता हाये, रडू नका. सुनेनं सासऱ्याच्या जिवासाठी पहिला फोन केला. दुसरा करायच्या आत टॉवर बसला. पूर्वी दोन निरोप्यांमध्ये चार कोसांचं अंतर असायचं. आता पहिल्या निरोपानं समईसकट दोन जिल्हे पालथे घातले होते आणि वस्ताद गोधडीत घोरत होते.

पोर्टलवाल्यांनी सकाळी बातमी गुपचूप उडवली. आमच्या सरांनी फाइलवर सही केली, पण तिला तोंडानं काही म्हणाले नाहीत. ते तसेच होते.

काही दिवसांनी वस्ताद स्वतः ऑफिसात आले. जिना चढताना त्यांनी कोणाचा हात घेतला नाही. “कोन हाये ते पोरगी? मी मेलो यावर इश्वास न ठेवनारी?”

ती उठून उभी राहिली. त्यांनी तिला आपादमस्तक पाहिलं, डोक्यावर पंजा ठेवला आणि म्हणाले, “माह्या मरनाची बातमी तूच लिहिजो. दुसऱ्या कोनाचीच मी मानत नाई.”

“लिहीन, बाबा. पन पाह्यल्याबिगर नाई.”

नंतर ती गेली. मोठ्या शहरात, मोठ्या पगारावर, चांगलंच झालं. कानामागे पेन अडकवणारं मग डेस्कवर कोणी राहिलं नाही. तिची खुर्ची अजून तिथंच आहे, एक चाक मोडलेली.

मागच्या हिवाळ्यात पुन्हा तोच फोटो आला, तीच समई. डेस्कवरच्या नव्या मुलानं विचारलं, “काका, टाकू?” मी म्हटलं, थांब. सहकाऱ्याकडे पानं सोपवली आणि मोटरसायकल काढली. दर्यापूरच्या पुढं रस्ता धुक्यात असा बुडाला होता की आपण पुढं चाललोय की उभे आहोत, ते कळेना.

अंगणात बायकांनी वाट दिली. मी आत जाऊन बसलो, त्यांच्या पंजावर हात ठेवला. मग बाहेर येऊन तिला फोन लावला. ती जागीच होती, जणू वाट बघत.

“काका, लोक म्हनून राहिले की...” ती म्हणाली, “पन पाह्यलं कोनं?”

“मी पाह्यलं, पोरी.”

मागे वस्तादांच्या घरात कोणी तरी दिव्यात तेल घालत होतं.

“माती केव्हा हाये?”

“सकाळी. उन्हं वर आल्यावर. त्याईच्याच आखाड्यात.”

“घ्या मंग लिहून,” ती म्हणाली. मी थंड पडलेल्या मोटरसायकलच्या सीटवर कागद ठेवला, आणि ती सांगू लागली.