केनबाई

संस्कृतच्या बाईंना शाळेत पाठीमागे सगळे 'केनबाई' म्हणत आणि हे त्यांना ठाऊक होतं. नाव पडलं ते त्यांच्या खोडीमुळे. कुणी 'काचः भग्नः' म्हणालं, की बाईंचा प्रश्न तयार, "केन?" म्हणजे कोणी फोडली? एकदा मागच्या बाकावरून उत्तर आलं, "कन्दुकेन." बाई म्हणाल्या, "चेंडूला पाय फुटले होते का रे?" वर्ग खो खो हसला, पण फोडणारा आपणहून उभा राहिला.

मराठी मुलांची चूक बाईंना तोंडपाठ होती. 'मी चिठ्ठी लिहिली' डोक्यात घोळत असतं, म्हणून मुलं बिनदिक्कत लिहितात, 'अहं पत्रिका लिखिता'. बाई कपाळाला हात लावत. "अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं! कर्मणीचा क्त प्रत्यय हवा तर करणारा तृतीयेत जाईल आणि रूप कर्माच्या मागे जाईल: मया पत्रिका लिखिता. कर्तरीचा क्तवतु हवा तर करणारा प्रथमेत आणि रूप त्याच्या मागे: मुलगा असेल तर अहं पत्रिकां लिखितवान्, मुलगी असेल तर लिखितवती." एवढं सांगून झालं की त्या दम घेत आणि खडू झटकत. वर्षानुवर्षं हेच सांगूनही त्यांना त्याचा कंटाळा नव्हता.

यंदा त्यांचा जीव एका मुलीत अडकला होता. दहावीची, शिंप्याची मुलगी, बोलायला लागली की संस्कृत तिच्या तोंडी घरच्यासारखं वाटे. शाळाशाळांच्या संस्कृत संभाषण स्पर्धेसाठी तिने महिनोन्महिने तयारी केली होती. तिचं नाव कारकुनाला सांगायचं काम बाईंचं होतं. सांगते, सांगते म्हणता म्हणता राहून गेलं आणि मुदत टळली.

मुख्याध्यापिकांनी सगळ्यांसमोर कारकुनालाच फैलावर घेतलं. तो हंगामी, महिनाअखेर कायम होण्याची वाट बघणारा. "माझ्याकडे नाव आलंच नाही हो," एवढंच तो पुटपुटला. बाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. इतक्या वर्षांचा नावलौकिक, त्याला एका शब्दाने डाग लागेल, असं त्यांना वाटलं. खरं सांगायचं तर त्या भ्यायल्या.

पुढचाच तास दहावीचा होता. मुलगी पहिल्या बाकावर, डोळे लाल. स्पर्धेचं काय झालं हे सगळ्यांनाच जाणून घ्यायचं होतं. बाईंनी फळ्याकडे तोंड करून लिहिलं, 'नाम न प्रेषितम्'. नाव पाठवलं गेलं नाही. लिहून त्या वळल्या, तर वर्ग सवयीने एका सुरात ओरडला, "केन?"

"लिपिकेन!" मागून कोणीतरी लगेच सांगितलं. कारकुनाने.

तृतीया बरोबर, क्त बरोबर, लिंग बरोबर. असं निर्दोष वाक्य आलं की बाई दणक्यात 'बरोबर' म्हणत. वर्ग त्याचीच वाट पाहत होता. मघाशी गप्प राहणं बाईंना एक वेळ जमलं होतं, पण वाक्यावर शिक्का मारणं त्यांना जमेना.

त्यांनी पुन्हा खडू उचलला. 'नाम'च्या आधी लिहिलं, 'मया'.

"मी विसरले," बाई म्हणाल्या. "कारकुनाचा यात काही दोष नाही. आता येते मी." आणि त्या तडक मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेल्या. कारकून तिथेच मान खाली घालून उभा होता.

सगळं ऐकून मुख्याध्यापिका म्हणाल्या, "जाऊ द्या हो बाई, चूक झाली म्हणायचं आणि सोडून द्यायचं."

"झाली नाही, मी केली," बाई म्हणाल्या. "यांना ओरडलात ना सगळ्यांसमोर, तसंच हेही सगळ्यांसमोर सांगा."

कारकुनाने मान वर केली. त्यांच्यासाठी दार उघडून धरलं.

त्या वर्गात परतल्या तर फळा तसाच. मुलगी पुढे आली. "बाई, पुढच्या वर्षी मी शाळेत नसेन."

"ठाऊक आहे मला," बाई म्हणाल्या.

"मग हे क्तवतुमध्ये करू?"

बाईंनी खडू तिच्या हातात दिला. मुलीने एकेक अक्षर सावकाश काढलं: 'अध्यापिका मम नाम न प्रेषितवती'.

बाईंनी वाक्य वाचलं. करणारी प्रथमेत, रूप स्त्रीलिंगी, कुठे काना-मात्रेची चूक नाही.

"बरोबर," त्या मोठ्याने म्हणाल्या, शेवटच्या बाकाला ऐकू जाईल असं.