डाव्या हाताची करंगळी

वडिलांना संथा देणारी मुलगी त्या काळच्या बडोद्यात माझ्याखेरीज दुसरी कोणी असेल असे मला वाटत नाही. मी तेरा वर्षांची होते आणि अण्णा पन्नाशीच्या पुढे गेलेले. सकाळची पूजा आटोपली की ते माझ्यासमोर पाटावर मांडी घालून बसत. मी एकदा म्हणायचे, त्यांनी दोनदा म्हणायचे. "सः तौ ते." "सः तौ ते. सः तौ ते." आई स्वयंपाकघरातून म्हणे, "मुलीनं बापाला संथा द्यायची, हे काही चांगलं लक्षण नव्हे." मला तिचा राग यायचा. राग मला लहानपणापासून लवकर येतो, आणि बहुतेक वेळा भलत्याच माणसाचा येतो.

कारण सरकारी होते. राज्यात नवा कायदा आला होता. यापुढे पौरोहित्य करायचे तर भटजींनी परीक्षा देऊन परवाना घ्यायचा. अण्णांना लग्न, मुंज, वास्तुशांत, श्राद्ध, सगळे मुखोद्गत. मात्र आपण म्हणतो त्याचा अर्थ काय, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते आणि त्यांनीही कधी कोणाला विचारले नव्हते. परीक्षेत अर्थ विचारणार होते आणि त्यासाठी थोडेसे व्याकरणही. परीक्षेच्या यादीत सर्वनामांपुढे तीन शब्द लिहिलेले होते: तद्, एतद् आणि किम्, तिन्ही लिंगांत. म्हणजे तो, हा आणि कोण. मी ते शाळेत नुकतेच शिकले होते. रावपुऱ्यातले यजमान आत्ताच विचारू लागले होते, "भटजी, परवान्याचं कसं काय?" अण्णा हसून वेळ मारून नेत. परवाना मिळाला नसता तर त्यांना घरी बसावे लागले असते, आणि घरी बसून करण्यासारखे त्यांना काहीही येत नव्हते.

पुस्तकातला तक्ता त्यांच्या उपयोगाचा नव्हता. उभे-आडवे रकाने पाहिले की ते वैतागत. "हे डोळ्यांनी पाठ करायचं आहे काय?" म्हणत. त्यांचे सगळे ज्ञान कानाचे. म्हणून मी तो तक्ता त्यांच्या बोटांवर आणला. उजव्या हाताची चार बोटे म्हणजे प्रथमा ते चतुर्थी. डाव्या हाताच्या तर्जनीवर पंचमी, मधल्या बोटावर षष्ठी, अनामिकेवर सप्तमी. प्रत्येक बोटाला पेरे तीन, आणि वचनेही तीन. अंगठा वरच्या पेऱ्यावर ठेवून "सः", मधल्यावर "तौ", खालच्यावर "ते". पुढचे बोट, "तम् तौ तान्". डाव्या हाताची करंगळी तेवढी रिकामी उरली.

"इथं काय येतं?" अण्णांनी विचारले.

"तिथं काही नाही. तिथं संबोधन आलं असतं. सर्वनामाला संबोधन नसतं, अण्णा."

"म्हणजे हाक मारायची सोय नाही," ते म्हणाले आणि करंगळी मिटून घेतली. जप उजव्या हातावर मोजणाऱ्या माणसाला डावा हात वापरणे आवडले नव्हते, पण माझ्यासाठी त्यांनी ते चालवून घेतले.

मी कामही कमी करून दिले होते. तीन शब्द, तीन लिंगे, मिळून नऊ तक्ते होतात. त्यातले नपुंसकलिंगी तिन्ही जवळजवळ फुकटचे. "तत् ते तानि" दोनदा म्हणायचे, की तृतीयेपासून पुल्लिंगाचीच वाट. एतद् म्हणजे तद्‌च्या आधी ए लावायचा. प्रथमेच्या एकवचनात तेवढे "सः" चे "एषः" आणि "सा" चे "एषा" होते. किम्‌ मध्ये त जाऊन क येतो, "कः कौ के", आणि नपुंसकात "किम् के कानि". खरे पाठ करायचे ते दोनच तक्ते, तद्‌चा पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी. अण्णा खूश झाले. "तुला मुलगा करायला हवं होतं," म्हणाले. मला ते फारसे आवडले नाही.

आठवड्याभरात पुल्लिंग येऊ लागले, आणि एका ठिकाणी गाडी अडू लागली. "तस्मै ताभ्याम् तेभ्यः" ही चतुर्थी. "तस्मात् ताभ्याम् तेभ्यः" ही पंचमी. शेवट दोहोंचा एकच. तेभ्यः झाले की जिभेला वाटते पुढे तस्मात् आहे. मग "तस्मात् ताभ्याम् तेभ्यः, तस्मात् ताभ्याम् तेभ्यः", घाण्याच्या बैलासारखे. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुली तिथेच फिरत असत. म्हणून अण्णा फिरू लागले तेव्हा मी पोट धरून हसले. ते मात्र थांबले नाहीत. वर्गातली मुलगी तिसऱ्या वेळी जीभ चावते. अण्णा पाच, सहा, सात वेळा तेच म्हणत राहिले, डोळे मिटून, अगदी संथ सुरात. आई दारात येऊन उभी राहिली. तिचा चेहरा पाहून माझे हसू आपोआप थांबले.

"हसू नकोस," ती एवढेच म्हणाली.

त्यानंतर मला गोष्टी दिसू लागल्या. एका सकाळी इकडून दोनदा स्नान झाल्याचे आई विहिरीवर शेजारणीला सांगत होती, आणि सांगताना हसण्याचा प्रयत्न करत होती. संध्येची पळी-पंचपात्री ती आता लगेच उचलून ठेवी, म्हणजे पुन्हा बसायला नको. अण्णा बाहेर निघताना कुठल्या यजमानाकडे जायचे आहे ते ती बोलता बोलता दोनदा सांगे. मी हे सगळे बघत होते आणि बघितले नाही असे दाखवत होते. मग एका सकाळी देवघरात अण्णा अभिषेकाचे म्हणत होते. चाळीस वर्षे रोज म्हटलेले. पुढची ओळ मलासुद्धा ऐकून ऐकून माहीत होती. ती आली नाही, मागचीच आली. पुन्हा मागचीच आली. देवावरची धार संपली, गडू रिकामा झाला, तरी हात तसाच तिरपा आणि आवाज चालूच. आई आत गेली आणि तिने घंटा वाजवली. अण्णा दचकले आणि पुढची ओळ म्हणू लागले. ती घंटा इतक्या सरावाने वाजली होती की ही पहिली वेळ नव्हे हे मला कळले.

मी आईला म्हणाले, "परीक्षा नको देऊ दे त्यांना."

"मग काय करायचं? उद्यापासून गावात सांगायचं, की ह्यांचं डोकं चालत नाही?" ती कुजबुजत होती, पण भांडल्यासारखी. "तू बोटं शिकवलीस ना? तीच पक्की कर. अंगठा पुढं गेला की माणूसही पुढं जातो."

ते खरेच होते. अंगठा डाव्या तर्जनीवरून मधल्या बोटावर सरकला की "तस्मात्" म्हणायला जागाच उरत नसे, "तस्य तयोः तेषाम्" यावेच लागे. परीक्षेआधीचे वीस दिवस मी त्यांचे अंगठे हातात धरून सरकवले. स्त्रीलिंगात फसगत जास्त. "तस्याः" पंचमीतही येते आणि षष्ठीतही. तिथे मी त्यांचे बोट जरा जोराने दाबत असे. माझी शिकवण सफल होत होती आणि मला भीती वाटत होती. आपण काहीतरी झाकतो आहोत हे तेराव्या वर्षीही कळते.

परीक्षेला मी बरोबर गेले, कारण त्यांना एकटे सोडायचे नाही असे आईने ठरवले होते. शिपाई म्हणाला, "बेन, बहार बेसो." मी ओसरीवर, आतले दिसेल अशी, खिडकीशी बसले. आत तीन शास्त्री होते. अर्थाचे प्रश्न बरे गेले. मग मधल्यांनी विचारले, "एतद्. स्त्रीलिंगी. पंचमी सांगा."

अण्णांचे डावे बोट उठले. "एतस्याः एताभ्याम् एताभ्यः."

शास्त्री हसले. "भटजीबुवा, लहान मुलासारखी बोटं काय मोजता? हात मांडीवर ठेवा. किम्, पुल्लिंगी, सगळा म्हणा."

मी खिडकीचा गज धरून उभी राहिले. अण्णांनी हात मांडीवर ठेवले आणि उपरणे त्यांवर ओढून घेतले. "कः कौ के. कम् कौ कान्." उपरण्याखाली काहीतरी हळूहळू हलत होते. "कस्मै काभ्याम् केभ्यः. कस्मात् काभ्याम् केभ्यः." इथे ते थांबले. उपरणेही थांबले. मी माझाच अंगठा माझ्या मधल्या बोटावर इतका दाबला की नख रुतले. घंटा वाजवायला तिथे कोणी नव्हते. मग उपरण्याची घडी हलली आणि अण्णा म्हणाले, "कस्य कयोः केषाम्. कस्मिन् कयोः केषु."

ते उत्तीर्ण झाले. घरी परतताना आमच्या गल्लीचे तोंड आले, आणि अण्णा ते ओलांडून सरळ चालत राहिले. मी हात धरून वळवले. "गप्पांच्या नादात," ते म्हणाले. आम्ही दोघेही सारा रस्ता एक शब्द बोललो नव्हतो.

परवाना आला, आईने तो देवघराशेजारी भिंतीवर लावला, आणि यजमान पूर्ववत बोलावू लागले. चार महिने निभावले. मग माघातले एक लग्न आले. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टके सुरू. आम्ही मायलेकी बायकांत उभ्या होतो. तिसरे झाले, आणि अण्णांनी पुन्हा तिसरेच म्हटले. लोकांनी अक्षता टाकल्या. पुन्हा तिसरेच. कोणीतरी हसले. घटिका बघणारे गृहस्थ खाकरले, मग ओरडले. अण्णांचे डोळे मिटलेले होते. त्यांच्या हातात अक्षता होत्या, त्यामुळे अंगठे मोकळे नव्हते. आणि मंगलाष्टके मी बोटांवर शिकवलेलीही नव्हती. मुहूर्त टळला. अंतरपाटाआड मुलगी रडू लागली तो आवाज मी अजून विसरलेले नाही.

आम्हाला कोणी वाईट बोलले नाही. परवाना होता, सही-शिक्का होता, कायद्यात सगळे बसत होते. पुढे त्या मुलीच्या संसारात जे जे कमी-जास्त झाले ते लोकांनी त्या टळलेल्या मुहूर्ताला चिकटवले. मुहूर्तावर माझा विश्वास नाही, तरी प्रत्येक वेळी ते ऐकले की मी तिथून उठून जात असे. मी आणि आईने उपरण्याखाली झाकलेले त्या मांडवात उघडे पडले होते. अण्णांना पुन्हा कोणी बोलावले नाही.

पुढे सगळेच गेले. श्राद्ध गेले, संध्या गेली, आईला ते परकी बाई समजू लागले. मी माहेरी आले की उठून उभे राहत आणि "बसा" म्हणत. बोटे मात्र गेली नाहीत. मी जवळ बसले की माझाच हात ओढून घेत, अंगठा माझ्या पेऱ्यांवर ठेवत आणि सः तौ ते पासून तस्मिन् तयोः तेषु पर्यंत न अडखळता म्हणत. मी कोण ते ठाऊक नव्हते, पण एकही पेर चुकत नव्हते. सप्तमी संपली की माझ्या डाव्या करंगळीशी येऊन थांबत आणि तोंडाकडे बघत राहत.

"इथं काय येतं?"

"तिथं काही नाही, अण्णा," मी म्हणायचे. मग ते माझी करंगळी हलकेच मिटून ठेवत आणि पुन्हा पहिल्या बोटापासून सुरू करत.