दोन ते तीनची हिस्ट्री

दिग्रसला आमच्या घरी कम्प्युटर आला तो एका बंद पडलेल्या नेट कॅफेतून. दादानं आणला. त्याचं स्टँडजवळ मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे घरातल्या प्रत्येक वायरीवर आपलाच हक्क आहे असं तो समजायचा. बाबा जिनिंगमध्ये फिटर. ते सकाळ-संध्याकाळ त्यावर कापसाचे भाव पाहायचे आणि रोज नव्यानं चिडायचे. आई कम्प्युटरवर फक्त कपडा टाकायची. आणि मी, बारावी होऊन घरी बसवलेली, दुपारी दोन ते तीन त्यावर बसायचे, कारण तेव्हा आईचा डोळा लागायचा.

बसवलेली म्हणजे अक्षरशः बसवलेली. मला नर्सिंगला जायचं होतं. बाबांनी ताटावरून मानही वर केली नाही. "परगावी पोरगी ठेवायची नाही. विषय बंद." बरं, बंद तर बंद! मी गुपचूप फॉर्म भरून टाकला. कॉलेज नागपूरला, प्रवेशपरीक्षा यवतमाळला. त्यासाठी नवा मेल काढला. मेलला मोबाईल नंबर लागत होता, माझ्याकडे फोन कुठला? दादाचा नंबर टाकला आणि विसरून गेले. पासवर्ड लक्षात ठेवायची कटकट कम्प्युटरवर सोपवली. घरात सगळेच तसं करायचे.

आता अडचण एकच, दादा. घरी आला की चप्पल काढायच्या आधी तो हिस्ट्री उघडायचा. दिवसभरात कोण कुठं गेलं ते वरपासून खालपर्यंत वाचायचा. मला असला राग यायचा! मी त्याच्या वरताण निघाले. तीन वाजायला आले की हिस्ट्री साफ करायची खिडकी उघडायची, 'मागचा एक तास' निवडायचा, फक्त हिस्ट्रीपुढे टिक ठेवायची आणि उडवून द्यायचं. बाबांचे भाव, दादाची पानं जिथल्या तिथं. फक्त माझी दुपार गायब.

दादाच्या ते ध्यानात आलं. एकदा त्यानं कम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "हा गरम काहून आहे? दुपारी तर कोणीच बसलं नाही म्हणते हिस्ट्री."

"उन्हाळा आहे," मी म्हटलं.

तो हसला नाही. त्या दिवसापासून त्याचं वागणंच बदललं. दुपारी अवेळी घरी चक्कर टाकायला लागला. मागच्या खोलीची आतली कडी त्यानं पान्ह्यानं काढून टाकली. आईला सांगून ठेवलं, हिले एकटी सोडू नको. आई बिचारी झोप सोडून माझ्यासमोर तांदूळ निवडत बसायची. मला वाटलं, याला माझ्यावर संशय आहे, कुठल्या पोराशी बोलते म्हणून. म्हटलं, कर किती पहारा करायचा तो. परीक्षा मी देणारच.

परीक्षा दोन दिवसांवर आली आणि नेमका घोळ झाला. आदल्या दुपारी मी तासाहून जास्त बसले होते, आई शेजारी गेली होती म्हणून. साफ केला मागचा एकच तास. वरची दहा-पंधरा मिनिटं तशीच राहिली; नशीब, त्या रात्री दादा उशिरा आला आणि हिस्ट्री न उघडता झोपला. सकाळी बाबांनी भाव पाहायला पहिलं अक्षर दाबलं आणि पट्टीत नर्सिंग कॉलेजचा पत्ता खाली लोंबला. बाबांना कळलं नाही, "हे काय मधातच?" म्हणून पुढं गेले. मला मात्र कळलं, काय राहून गेलं ते.

ते जिनिंगला गेल्याबरोबर मी बसले. म्हटलं, आता एक कण शिल्लक ठेवायचा नाही. 'सुरुवातीपासूनचं सगळं' निवडलं. हिस्ट्री, कुकीज, पासवर्ड, दिसतील तेवढ्या चौकोनांत टिक केली आणि दाबलं बटण. काय हलकं वाटलं सांगू!

ते हलकेपण दहा मिनिटं टिकलं. हॉल तिकीट त्याच दिवशी यायचं होतं. साइट उघडली, तर ती मला ओळखेना. पासवर्ड विचारायला लागली. मोठं अक्षर, आकडा, काहीतरी खूण असला तो पासवर्ड, मी एकदाच टाकलेला. 'पासवर्ड विसरलात' दाबलं, तर नवा करायची लिंक मेलवर पाठवली म्हणे. मेल उघडायला गेले, तर त्याचाही पासवर्ड गेलेला. मी स्वतःच्या हातानं स्वतःला घराबाहेर काढलं होतं. मेलवाल्यांनी सांगितलं, तुमच्या मोबाईलवर कोड पाठवलाय.

माझा मोबाईल म्हणजे दादाचा मोबाईल.

 मग उठले, ओढणी घेतली, आईला म्हटलं, "दादाच्या दुकानात जाते," आणि भर उन्हात निघाले. वाटेत एकच घोकत होते, रडायचं नाही, माफी मागायची नाही.

दादा दुकानात फोन हातात धरून उभाच होता. कोड आला होता.

"हे काय व्हय?" त्यानं विचारलं. आवाज बारीक निघाला.

"माझ्या मेलचा कोड आहे. नर्सिंगचा फॉर्म भरलाय मी. परवा परीक्षा आहे. हॉल तिकीट काढायचंय. कम्प्युटर मीच साफ करत होते, रोज. आज तर सगळंच साफ केलं. आता ओरडायचं तर ओरड, पण तो कोड दे."

तो ओरडला नाही. स्टुलावर खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"फॉर्म? फॉर्मसाठी साफ करत होती?"

"मग कशासाठी?"

त्याच्या वर्गातला एक मित्र त्या हंगामात गेला होता, जवळच्याच एका खेड्यातला. कर्जापायी माणसं जीव देत होती त्या वर्षांत, म्हणून कसा गेला, हे आमच्याकडे कोणी विचारायचं नाही. मला माहीत नव्हतं ते दादानं तेव्हा सांगितलं. "जायच्या चार दिवस आधी आलता इथं. मले म्हणे, मोबाईलमधलं सगळं साफ करून दे. फोटो, मेसेज, सगळं. मी करून देल्लं. मी हसत होतो, म्हटलं कोन्या पोरीचं लपवून राह्यला." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तू रोज साफ करून राह्यली होती. मी काय समजू?"

कडी, तांदूळ, अवेळीच्या चकरा. मला एकदम सगळं कळलं आणि एवढा संताप आला की मी त्याच्या पाठीत बुक्की घातली. "मग विचारलं काहून नाही मले?"

"भेव वाटलं," तो म्हणाला.

आम्ही गाडीवर घरी आलो. तोवर पहिला कोड बाद झाला होता, दुसरा मागवला. दादानं एकेक आकडा मोठ्यानं वाचला, मी टाकला. मेल उघडला, लिंक उघडली, नवा पासवर्ड केला. हॉल तिकीट आलं. त्यानं पेन ड्राइव्हवर घेतलं आणि शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणलं.

संध्याकाळी बाबा हातपाय धुऊन बसले, तसा मी तो कागद त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी वाचला. "मी नाही म्हटलं होतं," ते म्हणाले. दादा मधे बोलायला लागला, "बाबा, जाऊ द्या ना तिले," पण त्यालाही त्यांनी हातानं गप्प केलं.

मग मीच बोलले. "बाबा, मी चोरून कम्प्युटर साफ करत होते. दादाले वाटलं, मी मराले निघाली. मी शिकाले निघाली होती. तुमच्या भेवानं दोन्ही गोष्टी बाहेरून सारख्याच दिसल्या."

आईच्या हातातली पळी थांबली. बाबांनी दादाकडे पाहिलं, दादानं मान खाली घातली.  मग त्यांनी कागद उचलला, नीट घडी केली आणि माझ्या हातात दिला.

"परवा यवतमाळची पहिली गाडी पकड," ते म्हणाले. "अन् दादाचा फोन घेऊन जा. पोचली की फोन कर. लगेच कर."