टाळूचे टाके आणि आईचा नियम

आमच्या घरात पहिली कवळी मला बसली, तीही दात यायच्या आधी. मी ओठ आणि टाळू दुभंगलेली जन्मले. दूध नाकातून बाहेर यायचं. म्हणून परळच्या हॉस्पिटलातल्या दातांच्या मॅडमनी माझ्या टाळूचं माप घेऊन प्लास्टिकची इवलीशी प्लेट करून दिली. ती बसवली की टाळूचं भोक झाकायचं आणि मी बाटली फस्त करायचे. दर आठवड्याला आई मला घोडपदेवहून तिथे न्यायची. मॅडम प्लेट थोडी घासायच्या, थोडी भरायच्या, ओठावर चिकटपट्टी ताणून लावायच्या, म्हणजे हिरडीचे दोन तुकडे हळूहळू जवळ यावेत. ग्रहणात भाजी चिरली असशील, असं आत्या म्हणाली तेव्हा आईने तिला चहासुद्धा विचारला नाही. आई कुणाचं ऐकून घेणारी बाई नव्हेच. ती फक्त डॉक्टरांचं ऐकायची आणि तेच नडलं.

ओठ मी काही महिन्यांची असताना शिवला, टाळू वर्षाची झाल्यावर. टाळू शिवल्यावर डॉक्टर म्हणाले की काही आठवडे कडक खायला द्यायचं नाही आणि त्या जागी चमचा, बोट, ब्रश काही लावायचं नाही. झालं! आईने ते मनावर घेतलं आणि त्यातले 'काही आठवडे' तेवढे विसरली. पुढची सात वर्षं चाळीतल्या आमच्या मजल्यावर हाच कायदा. दिवाळीत माझी चकली दुधात भिजायची. भिजलेली चकली खाऊन बघा एकदा, मग माझ्याशी बोला. दात मी घासायचे, पण शिवणीच्या बाजूचे सोडून. तिथे फक्त मिठाच्या पाण्याची चूळ. दुधाचे दात पडायचेच आहेत म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे जाणंही सुटलं होतं.

तिसरीत असताना दाताने ठणका मारला तेव्हा आम्ही पुन्हा त्याच मॅडमसमोर. त्यांनी तोंडात आरसा घातला. शिवणीजवळचे दात काळे पडलेले, हिरडी सुजलेली. टाक्यांची जखम केव्हाच भरली होती, खरी घासायची जागा तीच होती, असं त्यांनी आईला समजावलं. मग एक्स-रे दाखवला. हिरडीत अजून उरलेल्या फटीच्या वर माझा कायमचा सुळा खाली यायला निघाला होता आणि खाली त्याला हाडच नव्हतं. कमरेचं थोडं हाड काढून तिथे भरायचं, तेही सुळा उतरायच्या आत. पण असल्या घाण तोंडात भरलेलं हाड टिकत नाही. आधी तोंड साफ, मग ऑपरेशन. आईचा चेहरा पांढरा पडला. घरी येताना तिने वाटेतच एक मऊ ब्रश विकत घेतला.

मग सुरू झाली ब्रशाची दहशत. किडलेले दात काढले, बाकीचे भरले, वरचा जबडा रुंद करायला तारेचं यंत्र बसलं. रोज संध्याकाळी आई गॅलरीत मला गुडघ्यांत धरून त्या मऊ ब्रशाने शिवणीजवळचा दात अन् दात घासायची. येणारेजाणारे वाकून बघायचे. मी चावायचे, ती चापट मारायची आणि पुन्हा घासायची.

ऑपरेशन वेळेत झालं. तोंडापेक्षा कंबर जास्त दुखली, बरेच दिवस मी लंगडत शाळेत गेले. त्यानंतर आई टॉर्च घेऊन माझ्या तोंडात सुळा शोधायची. शेवटी आला बाबा एकदाचा! पुढे तारा लागल्या, दात रांगेत आले. सुळ्याच्या शेजारचा दात मात्र मला जन्मजातच नव्हता. कॉलेजभर मी काढता-घालता येणारा खोटा दात वापरला, कारण जबड्याची वाढ थांबल्याशिवाय पक्का दात बसवत नाहीत.

गेल्या वर्षी, लोअर परळला नोकरी लागल्यावर, त्या पक्क्या दातासाठी गेले. आई सोबत आलीच. तिला कोण अडवणार? मॅडमचे केस आता पिकलेत. दात हाडात स्क्रूने बसवायचा, म्हणून त्यांनी आधी स्कॅन काढला, नीट बघितला आणि म्हणाल्या, "हाड छान टिकलंय. सुळा त्यातूनच उतरला ना, त्याने धरून ठेवलं."

आम्ही बाहेर पडलो. जिन्यात आईने माझा दंड धरून मला थांबवलं.

"म्हणजे माझ्यामुळे काय बिघडला नाय ना गे?"

इतकी वर्षं ही बाई हे पोटात घेऊन वावरत होती आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

"नाय गे आई," मी म्हटलं. "तूच वाचवलंस."

मग आम्ही दोघी तिथेच पायरीवर बसून रडलो आणि माणसं बाजूने वाट काढत वर जात राहिली.