मागं टाकलेला टायर

राजारामपुरीत शशिधरच्या हाताखालून गेलेली गाडी नाकासमोर चालते, असं लोक म्हणायचे, आणि शशिधर ते मान खाली घालून ऐकायचा. नम्रतेनं नव्हे. हसू दिसू नये म्हणून. चाकांचे कोन जुळवण्याचं काम तसं कुणालाही शिकता येतं, मशीन आकडे दाखवतं, पाना फिरवायचा, आकडा हिरवा झाला की संपलं. पण शशिधर मशीनवर थांबायचा नाही. प्रत्येक गाडी तो स्वतः रस्त्यावर न्यायचा, सरळ पट्टा बघून स्टेअरिंगवरचे दोन्ही हात उचलायचा आणि गाडी कुठं जाते ते बघायचा. "मशीन चाकाचं सांगतं, रस्ता गाडीचं सांगतो," हे त्याचं ठरलेलं वाक्य. गिऱ्हाईक खूश व्हायचं. माणसाला आपल्या कौतुकाची चटक लागली की ती सुटत नाही, आणि शशिधरला ती भरपूर लागली होती.

दुकान त्याच्या थोरल्या भावाचं, राजशेखरचं. शशिधर त्याला अण्णा म्हणायचा. टायर विकणं अण्णाकडं, चाकं जुळवणं शशिधरकडं. बाप गेल्यावर अण्णानंच त्याला वाढवलं, लग्न लावून दिलं, मशीनसमोर उभं केलं. त्यामुळं अण्णाचा शब्द शशिधरनं कधी ओलांडला नव्हता. लोक याला संस्कार म्हणतात. मी त्याला सोय म्हणतो.

पिराजी खोराटे त्यांच्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. राजारामपुरीतल्याच एका दवाखान्याच्या डॉक्टरांकडं त्याची सारी हयात ड्रायव्हर म्हणून गेली. थोरले डॉक्टर वारले, आता त्यांचा मुलगा विश्वजित दवाखाना बघायचा. या विश्वजितला पिराजीनंच शाळेत पोचवलं होतं, आणि गाडी चालवायलाही पिराजीनंच शिकवलं होतं. पिराजीची एकच मिजास होती. आपण चालवताना मागं बसलेल्या माणसाची झोप मोडत नाही, हे तो आपल्या मंगळवार पेठेत भेटेल त्याला सांगायचा. गेल्या वर्षी त्याच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून मात्र त्याच्याकडं जरा निरखून बघायला लोकांनी सुरुवात केली होती.

त्या गाडीला अण्णाच्या दुकानातूनच चार नवे टायर बसले. आठवड्याच्या आत पिराजी दारात हजर.

"शशी, गाडी डावीकडं वढतीया."

शशिधरनं गाडी मशीनवर घेतली. सगळे आकडे हिरवे. हवा चारी चाकांत सारखी. ब्रेक कुठं धरत नव्हता.

"रस्त्याला डावीकडं उतार असतोय मामा. पाणी जायला ठेवत्यात. गाडी थोडी जाणारच की."

"मला शिकवू नको," पिराजी म्हणाला. "सकाळी रस्ता मोकळा हुता तवा उजव्या अंगानं चालवून बघितली. तिकडं उतार उजवीकडं हाय. तरीबी ही डावीकडंच!"

म्हातारा बरोबर होता. दोष रस्त्यात असता तर रस्त्याची बाजू बदलल्यावर ओढही बदलली असती.

"गाडी ठेवून जावा. उद्या बघतो."

दुसऱ्या दिवशी पंचगंगेचा पूल ओलांडून पन्हाळ्याच्या रस्त्याला त्यानं गाडी नेली. हात उचलले. गाडी डावीकडं निघाली. बाजूला घेऊन त्यानं पुढची दोन चाकं एकमेकांच्या जागी लावली आणि पुन्हा हात उचलले. आता गाडी उजवीकडं निघाली. पण मघासारखी जोरात नाही, जरा हळू.

एवढ्यावर त्याला सगळं कळलं. मग मागची चाकं एकेक पुढं घेऊन त्यानं खोड नक्की कुणाची ते शोधलं. मुळात पुढं डावीकडं असलेला टायर.

दुकानात परत येऊन त्यानं अण्णासमोर चहाचा रिकामा कागदी कप टेबलावर आडवा ठेवला आणि बोटानं ढकलला. कप सरळ गेला नाही, बुडाच्या बाजूला वळत गोल फिरला.

"ह्यो टायर असा हाय अण्णा. आतला तारांचा पट्टा कारखान्यात मधोमध बसला न्हाय, एका अंगाला सरकलाय. डोळ्याला दिसत न्हाय, पर चालताना एक कड मोठी, एक बारीक. त्यामुळं ह्यो कपासारखा एका अंगाला वळतोय. बाजू बदलली की वढबी बदलती."

"मग बदलल्यावर कमी का झाली?"

"ती दुसरी खोड. पट्ट्यातल्या तारा तिरक्या असत्यात, सगळ्यात वरच्या पट्ट्याच्या तिरकेपणानं टायर जरा एका अंगाला सरतोय. ती खोड ह्या जातीच्या सगळ्याच टायरात थोडी थोडी असती, आणि चाकं अदलाबदल केली तरी तिची दिशा बदलत न्हाय. पयल्यांदा दोन्ही खोडी डावीकडं वढत हुत्या. आता एक उजवीकडं, एक डावीकडं. दुसरी मी कोनात भागवतो. पर पयला टायर खराबच हाय. कंपनीला परत द्यायला पायजे."

अण्णानं कप उचलून टोपलीत टाकला. "कंपनीचा माणूस ह्यात काय बघणार? फुगा न्हाय, चीर न्हाय. गाडीचा दोष म्हणून परत पाठवणार. एजन्सी मिळून सहा महिनं झाली न्हाईत, आणि आपणच आपला माल नासका म्हणून बोंब मारायची? मागं टाक त्यो. मागच्या चाकाला कुणाला कळतंय?"

खोटं नव्हतं ते. असला टायर मागं गेला की स्टेअरिंगवर त्याची ओढ जवळजवळ जाणवत नाही. शशिधरनं टायर मागं डावीकडं टाकला, पुढं कोनात किंचित फरक देऊन उरलेली ओढ मारली आणि हात उचलून बघितलं. गाडी सुतात. त्याला बरंही वाटलं. आपलं कसब वापरून त्यानं घाण सतरंजीखाली सारली होती, आणि वर सतरंजीचं कौतुक करत होता.

त्याला ठाऊक नव्हतं ते एवढंच, की त्याच्या आधीच्या रविवारी विश्वजितच्या आई, संयोगिताबाई, याच गाडीतून पन्हाळ्याला गेल्या होत्या. घाटात समोरून बस आली, पिराजीनं तिला वाट द्यायला एक हात गिअरवर नेला आणि तेवढ्यात गाडी डावीकडं सरून चाक रस्त्याखाली उतरलं. काही झालं नाही. पण बाई घाबरल्या, आणि घरी येऊन म्हणाल्या, "पिराजीचा डोळा लागला असणार."

संध्याकाळी गाडी न्यायला पिराजीबरोबर डॉक्टर विश्वजित स्वतः आले. दुकानात अण्णा होता, नेमका कंपनीचा विक्रीवालाही बसला होता. डॉक्टरांनी गाडी स्वतः एक फेरी मारून आणली आणि उतरून शशिधरसमोर उभे राहिले.

"एकदम सरळ चालतेय. मला फक्त एक सांगा. गाडीत काही दोष होता का?"

पिराजी शशिधरकडं बघत होता. निवांतपणे बघत होता. शशी आता सांगणार, याची त्याला खात्री होती. अण्णाही शशिधरकडंच बघत होता.

"न्हाय," शशिधर म्हणाला. "गाडीत काय दोष नव्हता. आकडे सगळे हिरवे हुते."

आकड्यांचं खरंच होतं. म्हणूनच ते जास्त नीच होतं.

डॉक्टरांची नजर पिराजीच्या हातांकडं गेली. पिराजीनं आधी शशिधरकडं बघितलं, मग स्वतःच्या हातांकडं, आणि हात पाठीमागं नेले. घरी जाताना गाडी डॉक्टरांनी चालवली.

पिराजीला कामावरून काढून टाकताना विश्वजित फार गोड बोलला म्हणे. काका, आता आराम करा. शाल दिली, नारळ दिला. मंगळवार पेठेत ही बातमी फिरली, आणि तिच्यामागून दुसरी, की पिराजीनं पुतण्याची गाडीसुद्धा चालवायचं सोडलं, किल्ली दिली तर घेत नाही. शशिधर हे चहाच्या टपरीवर ऐकायचा आणि कप पुरा न पिता उठायचा. जाऊन सांगावं असं रोज वाटायचं. रोज वाटणारी गोष्ट माणूस उद्यावर ढकलतो.

पावसाळा संपल्यावर ती गाडी पुन्हा दारात आली. आता तिच्यावर नवा ड्रायव्हर होता, डॉक्टरांच्या सासरकडचा. कुठल्यातरी सर्व्हिसिंगमध्ये रिवाजाप्रमाणं मागची चाकं पुढं आणि पुढची मागं केली होती. टायर आपल्या मूळ जागी परतला होता.

डॉक्टरांचा फोन आला. "अहो, गाडी डावीकडं ओढतेय. टायर खराब दिसतोय, बघून घ्या."

या वेळी कुणाच्या डोळ्यांची चौकशी झाली नाही. कुणाचे हात बघितले नाहीत. अण्णानं मुकाट्यानं टायर बदलून दिला, आणि डॉक्टरांना पिराजीची आठवणसुद्धा झाली नाही.

शशिधरनं त्याच दिवशी दुकानाची गाडी काढली आणि मंगळवार पेठ गाठली. पिराजी दारातल्या कट्ट्यावर लसूण सोलत बसला होता. त्याला बघून पिराजीचं तोंड उजळलं.

"ये ये! चिमणाबाई, चहा टाक, शशी आलाय." आतून बायकोनं हो म्हटलं. "तुझी लई आठवण काढतो मी. त्या दिवशी तू खरं बोललास म्हणून वाचलो बघ. दुसरा असता तर म्हाताऱ्याचं मन राखायला काय तरी दोष काढला असता गाडीत. मी तसाच चालवत ऱ्हायलो असतो, आणि एक दिस कुणाला तरी मारलं असतं."

शशिधर शेजारी कट्ट्यावर टेकला. मग बोलला. टायर, कप, मागं टाकलेलं चाक, अण्णा, आज आलेला फोन, सगळं बोलला. "तुमचं हात चांगलं हुतं मामा. तुम्हीच बरोबर हुता. मी खोटं बोललो."

पिराजीनं लसणाची पाकळी खाली ठेवली, त्याच्याकडं बघितलं आणि हसला.

"कुणी सांगितलं तुला, पिराजी झुरतोय म्हणून? हिनं?" त्यानं आतल्या बाजूला मान उडवली. "मन राखायला आलास व्हय? चांगला हायस तू. पर मी तुला वळखतो, शशी. मालकासमोर, भावासमोर तू खोटं बोलणारा न्हाईस."

"मामा, आईची आण."

"आण घेऊ नको. घाटात माझ्याच हातनं गाडी गेलती."

शशिधर उठला, गाडीची किल्ली पुढं केली. "चला. पूल ओलांडून जाऊन येऊ. तुम्ही चालवा. मी शेजारी बसतो. तुमचं तुम्हालाच कळंल."

पिराजीनं किल्लीकडं बघितलं. मग लुगड्याच्या फडक्याला हात पुसले आणि पायात चप्पल सरकवली. शशिधरला वाटलं, जमलं.

"चल, फिरून येऊ. लई दिस झालं, पन्हाळ्याचा रस्ता बघितला न्हाय," पिराजी म्हणाला, आणि गाडीला वळसा घालून डावीकडचं दार उघडून बसला.