हळदीच्या गाण्यातले अध्यक्ष

आमच्या धुळ्याच्या गल्लीत समोरच्या घरात एक अक्का राहतात. पिंपळनेरकडच्या, बोलणं अस्सल अहिराणी, आवाज असा की त्या ओट्यावर गुणगुणल्या तरी मला घरात वाचन थांबवावं लागे. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, बोलणंही सावरलं, पण पाठ असलेल्या गोष्टींमध्ये मधे मधे खड्डे पडले.

त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा या खड्ड्यांची अडचण झाली. हळदीचं गाणं अक्काच म्हणणार, हे सगळ्या नातेवाइकांनी गृहीत धरलेलं. आमच्याकडे या गाण्यात एकेका नात्याला एकेक कडवं असतं. ज्याचं कडवं येतं त्यानं उठून नवरीला हळद लावायची. एखाद्याचं कडवं राहिलं तर त्यानं जेवायला न थांबण्याची पद्धत आहे, आणि ती पद्धत लोक फार निष्ठेनं पाळतात.

अक्कांचं गाणं एकदा छापून आलं होतं. जळगावच्या एका मंडळानं नियतकालिक काढलं होतं, त्यात. छापील अंक वाळवीनं वाचून संपवला. संकेतस्थळ मंडळाबरोबरच मिटलं. उरला तो अक्कांच्या मुलानं तेव्हा मोबाइलवर घेतलेला त्या पानाचा स्क्रीनशॉट. मुलाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे त्याच्याकडून कधी काही पुसलं जात नाही.

मी छापखान्यात बरीच वर्षं मुद्रितं तपासली, म्हणून मुलगा फोन घेऊन माझ्याकडे आला. "काका, जरा बघा. आईला मोठ्या अक्षरात काढून द्यायचंय."

पान पाहिलं आणि मंडळाविषयीचा आदर वाढला. गाण्याच्या मागे, पानभर, फिकट गुलाबी रंगात मंडळाचं बोधचिन्ह होतं. त्यात उगवता सूर्य, समई, हातात घेतलेले हात आणि पुस्तक होतं. एवढ्या गोष्टी एकत्र आल्यावर मंडळात भांडण झालं नसतं तरच नवल. भोवती गोल फिरणारी अक्षरं: संस्थापक, अध्यक्ष, त्यांची पदवी. शिवाय नियतकालिकाचं नाव कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं. गाणं त्या सगळ्यावर काळ्या शाईत, जागा मिळेल तसं बसलं होतं.

मुलानं आधी फोनलाच मजकूर ओळखायला लावला होता. फोननं भेदभाव केला नाही. जे अक्षरासारखं दिसलं ते उचललं आणि जिथे सापडलं तिथल्याच ओळीत घातलं. अक्कांना ते वाचून दाखवायला मुलगा ओट्यावर बसला.

"पहिली हयद लावस माय. दुसरी हयद लावस संस्थापक मामी. तिसरी हयद लावस अध्यक्ष."

अक्का दळण निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "हाऊ अध्यक्ष कोन शे?"

"आई, ते मागचं छापलेलं मधे आलं."

"मन्ही पोरले हयद लावाले त्याले कोनी बलावं?"

मुलगा हसत दुकानात गेला आणि संध्याकाळी नवी प्रत घेऊन आला. आता त्यानं चित्राचा उजेड आणि काळ्या-पांढऱ्यातला फरक वाढवला होता. फिकट ते सगळं पांढरं झालं, काळं ते आणखी काळं. सूर्य मावळला, समई विझली, अध्यक्ष गेले. पान इतकं लख्ख की मीच म्हणालो, "वा! असं करायला आम्हाला छापखान्यात आठवडा लागला असता." मी त्यावरून नजर फिरवली, एक-दोन काने दुरुस्त केले आणि पसंती दिली.

दुसऱ्या दिवशी अक्का तो कागद मांडीवर ठेवून गाऊ लागल्या. माय झाली, मामी झाली, काकू झाली. मग त्या थांबल्या. पुढच्या कडव्यावर जीभ जाईना. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, पुन्हा तिथेच अडल्या.

"आठे काहीतरी शे," त्या म्हणाल्या. "कागदवर नही, पन शे."

मुलगा समजुतीनं म्हणाला, "आई, कागदावर बठ्ठं शे, एकही ओळ राहिली नाही. तुला आजारपणानं वाटतंय."

अक्कांनी कागद बाजूला सारला. त्यांचा चेहरा पाहून मला बरं वाटलं नाही. स्वतःच्याच आठवणीवर विश्वास ठेवायला घरातल्या कुणाची परवानगी लागावी, ही अवस्था वाईट. मी कागद हातात घेतला. काकूच्या कडव्यानंतर जास्त कोरी जागा होती. बाकी कडव्यांमध्ये एका ओळीचं अंतर, इथे त्याहून बरंच मोठं. छापणारा माणूस उगाच एवढी जागा सोडत नाही. कागदाचे पैसे मंडळाचे असले तरी.

"मूळ चित्र काढ," मी मुलाला म्हणालो. "न धुतलेलं."

आम्ही ते मोठं केलं. मी एका पोस्टकार्डानं खालचा भाग झाकला आणि एकेक ओळ उघडत गेलो. बोधचिन्हाची अक्षरं वळत होती, समासाबाहेर जात होती, काळ्या अक्षरांच्या पोटाखालून निघत होती. त्यांना ओळीची पर्वा नव्हती. पण त्या कोऱ्या जागेत, बरोबर समईच्या पोटावर, गुलाबीच रंगात काही अक्षरं सरळ बसली होती. डावीकडे इतर कडव्यांच्याच रेषेत सुरू झालेली, तेवढ्याच उंचीची, शिरोरेखा आडवी. ती चिन्हाची नव्हती. कुणीतरी मांडणी करताना हे कडवं खास म्हणून रंगीत केलं होतं आणि रंग नेमका मंडळाचा निवडला होता. आम्ही उजेड वाढवला तेव्हा अध्यक्षांबरोबर तेही गेलं.

समईच्या रेघा आणि अक्षरं एकाच रंगाची, त्यामुळे सगळं लागत नव्हतं. जेवढं लागलं तेवढं मी वाचलं. "दारआड उभी..."

"फुई," अक्का म्हणाल्या. मग सूर लावून: "दारआड उभी फुई, तिले बलाव वं बाई."

मुलानं फोन खाली ठेवला. "फुईंचं कडवं होतं यात?"

"मीच घालेल शे," अक्का म्हणाल्या. फुई म्हणजे अक्कांची नणंद, मुलांची आत्या. तरुणपणी विधवा झालेली. हळदीला ती कधी पुढे येत नसे, दारामागे उभी राही. आणि जुन्या गाण्यात तिच्यासाठी कडवंच नव्हतं. अक्कांनी एका लग्नात ते आपल्या मनानं घातलं. तेव्हापासून ते गाण्यात होतं. या वेळी ते आलं नसतं, तर आजारपणाचं कारण फुईला पटलं नसतं, आणि कुणालाही पटू नये.

मुलानं मग सगळं गाणं फोनवर हातानं टाइप केलं. मी मूळ चित्राशी ओळन् ओळ ताडली. पुसायचं काही नव्हतं, फक्त मागचं मागे ठेवून पुढचं वाचायचं होतं.

लग्न नवऱ्यामुलाच्या गावी, दोंडाईच्याला होतं; हळदही तिथेच. अंगणात बायका दाटीनं बसलेल्या, फुई सवयीनं स्वयंपाकघराच्या दाराशी. अक्कांनी माय, मामी, काकू घेतल्या. काकूनंतर त्या क्षणभर थांबल्या. मुलगा उठून कागद पुढे करायला निघाला. अक्कांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. कडवं म्हटलं.

दारातून फुईचा आवाज आला. "जरा मोठ्यानं म्हन वं भाभी. माले ऐकाले नही उनं."

"कान फुटनात का तुन्हा?" अक्का म्हणाल्या आणि पुन्हा म्हटलं, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं. बायका हसल्या. फुईनं पदर खोचला, उंबरा ओलांडला, आणि हळदीच्या वाटीत हात घातला.